जानेवारीत गावात कोण असेल?

"मॅडम, सप्टेंबरमध्ये माझ्या एम.ए.च्या डिझर्टेशनचं प्रपोजल कमिटीपुढे मांडायचंय. सीनियर सांगतात, पहिलाच प्रश्न येतो, 'यात नवीन काय?' मग विचारतात, 'हे तुझ्याच्याने होणार का?' आणि शेवटी, 'विषय फार मोठा आहे.' या तिन्हींना एकदम उत्तर कसं द्यायचं? नवीन करायला गेलं की विषय वाढतो, छोटा केला की त्यात नवीन काही उरत नाही."

ही मुलगी माझ्याकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. मूळची बीड जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावची. घरात ऊसतोड नव्हती, पण दिवाळीच्या आसपास वर्गातली निम्मी बाकं रिकामी होताना ती लहानपणापासून बघत आली होती. प्रपोजलचं शीर्षक होतं, 'मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम'.

मी समुपदेशनाकडे वळले त्याआधी बरीच वर्षं संशोधन पद्धती शिकवली आहे आणि अशा कमिट्यांवर बसलेही आहे. म्हणून तिला धीर देत बसण्याआधी मी टेबलाच्या पलीकडची झाले आणि विचारलं, "यात नवीन काय?"

ती म्हणाली, "मी मुलींचाही वेगळा विचार करणार आहे." मी तोच प्रश्न परत विचारला. "आरोग्यही घेते, मॅडम." तिसऱ्यांदा विचारल्यावर धाराशिव आणि जालना आले. दहा मिनिटांत त्या प्रपोजलमध्ये तीन जिल्हे, शिक्षण, आरोग्य आणि बालविवाह एवढं सगळं जमा झालं. तिचा आवाज चढत गेला होता आणि हात थरथरत होते.

तिची अडचण मला तिथेच कळली. 'नवीन काय' हा प्रश्न तिला 'एवढंच?' असा ऐकू येत होता, आणि माणूस 'एवढंच?'ला उत्तर देताना भर घालत जातो. कमिटी मात्र उलटी बाजू विचारत असते. या विषयावर लोकांनी काय काय विचारून झालंय आणि तुझा प्रश्न त्यातल्या कोणत्या रिकाम्या जागी बसतो, हे कमिटीला ऐकायचं असतं. मास्टर्सच्या विद्यार्थ्याने जगात पहिल्यांदाच काही शोधावं अशी अपेक्षा कुणीच धरत नाही. जुन्या प्रश्नाला नव्या माणसांकडून उत्तर मिळवलं, किंवा ज्या टप्प्यावर कुणी थांबून पाहिलं नाही तिथे थांबून पाहिलं, तरी पुरतं. फक्त ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

तिला मी एक काम दिलं. शोधगंगा आणि गूगल स्कॉलरवर आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचे पाच अभ्यास शोधायचे आणि प्रत्येकासाठी वहीत चारच गोष्टी लिहायच्या: कुठे केला, कुणाला विचारलं, काय विचारलं, काय विचारायचं राहिलं. 'या विषयावर कुणीच काम केलेलं नाही' हे वाक्य कमिटीपुढे अजिबात उच्चारायचं नाही, हेही सांगितलं. ते वाक्य ऐकलं की समोरचे प्राध्यापक मनातल्या मनात झालेली कामं मोजायला लागतात, आणि एक जरी आठवलं तरी तुमचं पुढचं बोलणं कुणी ऐकत नाही. 'माझ्या तालुक्यात झालेलं नाही' हे उत्तरही तेवढंच लंगडं. तालुका बदलल्याने उत्तर का बदलावं, याचं कारण हाताशी असेल तरच ते टिकतं.

आठवड्याने ती वही घेऊन आली. तिला सापडलेल्या पाचही अभ्यासांत प्रश्न साधारण एकाच ठिकाणाहून सुरू होत होता: मुलं आईबापांबरोबर जातात, मग शाळा सुटते, हजेरी घटते, गळती होते. कुणी शिक्षकांना विचारलं होतं, कुणी पालकांना. मी म्हटलं, "तुझ्या वर्गातल्या ज्या मुली जायच्या, त्यांची सगळी भावंडं जायची का?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही. एक जण मागे राहायचाच. आजीजवळ, नाहीतर चुलत्याकडे. शाळेत हंगामी वसतिगृह असायचं, म्हणजे जेवण शाळेकडून आणि मूल गावातच. पण बहुतेक भाऊ राहायचा. बहीण जायची, धाकट्याला सांभाळायला."

"हे ठरवायचं कोण? आणि कधी?"

उत्तर तिच्याकडे नव्हतं. पाच अभ्यासांतही नव्हतं. एकाच घरातलं कोणतं मूल मागे ठेवायचं आणि कोणतं कारखान्यावर न्यायचं, हे कसं ठरतं? तिचा प्रश्न हाच. तीन जिल्ह्यांतून तो एका घराच्या ओट्यावर आला आणि तिथेच नवा झाला.

शीर्षकातल्या 'परिणाम' या शब्दाबद्दलही बोलणं झालं. हा शब्द मुलं सवयीने लिहितात, आणि कमिटीतला कुणीतरी त्यालाच धरतो. स्थलांतराचा परिणाम दाखवायचा तर स्थलांतर न करणाऱ्या घरांतली, बाकी सगळ्या बाबतींत तशीच मुलं शेजारी ठेवून तुलना करावी लागते. पण जे घर ऊसतोडीला जातं आणि जे जात नाही, त्यांच्यात जमीन, विहिरीचं पाणी आणि डोक्यावरचं कर्ज यांचा फरक आधीपासूनच असतो. मुलाची शाळा सुटली ती स्थलांतरामुळे, की ज्या गरिबीमुळे स्थलांतर झालं तिच्यामुळेच? हे वेगळं काढणं एकट्या विद्यार्थिनीला एका वर्षात जमण्यातलं नाही. 'कसं ठरतं' असं विचारलं की हा दावा करावाच लागत नाही.

आता राहिलं 'होणार का?' तिच्या वेळापत्रकात माहिती जमवण्याचं काम जानेवारीत होतं, कारण परीक्षा डिसेंबरमध्ये संपत होती. नमुना दोनशे कुटुंबांचा, प्रश्नावली पंचेचाळीस प्रश्नांची, वेळ तीन आठवडे.

मी विचारलं, "जानेवारीत गावात कोण असेल?"

तिने कपाळावर हात मारून घेतला. जानेवारीत कोयते कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या फडात असतात. गावात असतात म्हातारी माणसं, मागे राहिलेली पोरं आणि कुलूप लावलेली घरं. ज्यांना प्रश्न विचारायचा ते आईबाप पाडव्याच्या आगेमागे परत येतात, आणि तिला एप्रिलमध्ये डिझर्टेशन सादर करायचं होतं. गोष्ट तिला जन्मापासून ठाऊक होती, पण प्रपोजल लिहिताना गावातली ती आणि विद्यापीठातली ती एकमेकींशी बोलल्याच नव्हत्या. अशा मुलामुलींच्या बाबतीत हे मला पुन्हा पुन्हा दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं. जे ज्ञान त्यांच्याकडेच आहे, ते 'अभ्यासाचं' नाही असं समजून ती ते बाहेर ठेवून येतात.

दोनशे घरांचा हिशेबही मांडला. एका घराला तासभर. माणसं शेतातून आल्यावरच भेटणार, म्हणजे दिवसाला फार तर चार घरं. म्हणजे पन्नास दिवस, हातात एकवीस.

मग कॅलेंडर उघडून आम्ही उलट्या बाजूने निघालो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, पण कोण जाणार आणि कोण राहणार हे घरात बोललं जातं ते गाडी यायच्या आधीच्या आठवड्यांत, साधारण दसरा ते दिवाळी. आईबाप त्या वेळी घरीच असतात, आणि निर्णय अजून ताजा असतो. सहा महिन्यांनी विचारलं तर जे घडलं त्याला शोभेल असं कारण सांगितलं जातं. म्हणजे मुलाखती ऑक्टोबरमध्ये घेणं ही नुसती सोय नव्हती, अभ्यासाची ताकदच तिथे होती. परीक्षेचा अभ्यास आणि फिल्डवर्क एकत्र येणार होतं, म्हणून घरं कमी करणं भाग होतं.

पंधरा घरं ठरली. अट एकच: शाळेच्या वयाची किमान दोन मुलं असावीत, आणि गेल्या हंगामात त्यातलं एक मागे राहिलेलं, एक बरोबर गेलेलं असावं. प्रत्येक घरात दोन वेगळी संभाषणं, चाळीस मिनिटांची: एक आईशी किंवा वडिलांशी, दुसरं घरातल्या मोठ्या मुलाशी किंवा मुलीशी. झाली तीस संभाषणं, वीस तासांचं रेकॉर्डिंग. एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला निदान पाच तास लागतात, म्हणजे शंभर तास. रोज चार तास बसली तर पंचवीस दिवस. हे काम परीक्षेनंतर जानेवारीत आरामात बसत होतं. वेळ मोजताना मुलं फक्त मुलाखतींचे दिवस धरतात, हे उतरवण्याचे तास विसरतात, आणि मार्चमध्ये रडत येतात.

शंका एकच राहिली होती: अशी पंधरा घरं आहेत तरी का? पोळ्याला ती गावी गेली, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन हजेरीपट आणि वसतिगृहाची यादी शेजारी शेजारी ठेवली. तिच्या गावात अकरा घरं निघाली, शेजारच्या दोन गावांत मिळून नऊ. वीस घरांतून पंधरा मिळण्यासारखी होती, पाच नकारांची जागा धरून. कमिटीपुढे हा आकडा कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलतो.

सप्टेंबरमध्ये कमिटीने अर्धा तास घेतला. 'नवीन काय' विचारलं, तेव्हा तिने पाचांपैकी तीन अभ्यास सांगितले आणि तिघांनीही न विचारलेला प्रश्न सांगितला. "पंधरा घरांवरून काय सिद्ध होणार?" या प्रश्नाची तिला सगळ्यात धास्ती होती. ती म्हणाली, "किती टक्के घरं मुलीला नेतात हे मी सांगू शकणार नाही, आणि जिल्ह्याबद्दलही काही म्हणणार नाही. घरात कोणकोणती कारणं पुढे येतात आणि कुणाचं कारण चालतं, एवढंच मांडेन. शेवटच्या तीन-चार घरांत नवं कारण निघालं नाही, तर पुरेसं झालं असं धरेन. निघत राहिलं, तर तेही लिहीन."

एका प्रश्नाला मात्र तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो माझ्याही नजरेतून सुटला होता. एका बाईंनी विचारलं, "मुलगी म्हणाली, 'मला शाळेत राहायचंय, पण बाबा नेणार आहेत,' आणि वडील शेजारच्या खोलीत आहेत. मग तू काय करशील?" ती म्हणाली, "याचा विचार मी केलेला नाही, मॅडम." कमिटीने दोन बदल सांगून प्रपोजल मंजूर केलं: बारा वर्षांखालच्या मुलांशी बोलायचं नाही, आणि मुलांशी बोलणं पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार घेऊन शाळेच्या आवारात करायचं, घरी नाही. मूल काय बोललं ते घरी पोचणार नाही, याची जबाबदारी तिची.

बाहेर आल्यावर तिने फोन केला. बदल दोन झाले म्हणून थोडी खट्टू होती. मी विचारलं, मुलाच्या संमतीचा कागद मराठीत कसा लिहिणार? आम्ही फोनवरच पहिलं वाक्य लिहायला घेतलं: 'तुला बोलायचं नसेल तर नाही म्हण, तुझ्या शाळेला किंवा जेवणाला त्याने काही होणार नाही.'