अंग घासायला जाळी, रुमाल की नुसता हात?

प्रश्न : मी रोज नायलॉनच्या जाळीच्या गोळ्याला साबण लावून अंघोळ करते. जाऊबाई म्हणतात की हाताने साबण लावणे जास्त स्वच्छ. खरे काय? (पुणे)

जाऊबाईंचे म्हणणे बरोबर आहे, मात्र त्यामागचे कारण साबणाशी नव्हे, वाळण्याशी संबंधित आहे. अंघोळीनंतर हात धुतले, पुसले की मिनिटभरात कोरडे होतात. तुमच्या जाळीच्या गोळ्याला शेकडो घड्या असतात, त्यामुळे तो बाहेरून कोरडा लागला तरी मधल्या गाठीपाशी ओलावा टिकून राहतो. तेथेच त्वचेच्या मृत पेशी, तेल आणि साबणाचा थर अडकतो. ओलावा, खाद्य आणि उबदार न्हाणीघर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जीवाणूंची वाढ चोवीस तास सुरू राहते आणि काही दिवसांनी धाग्यांवर बुळबुळीत थर जमतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. हा थर एकदा बसला की साबणाच्या पाण्याने निघत नाही, कारण साबण जीवाणूंना मारण्यापेक्षा सैल करून वाहून नेतो आणि थराच्या आत पोचत नाही. गोळा मुठीत पिळून मधल्या दोरीपाशी बोट घालून पाहा; बोटाला चिकट लागले किंवा करडे-काळे ठिपके दिसले, तर तो टाकून द्यावा.

हातही निर्जंतुक नसतातच. नखे वाढलेली असतील, तर नखांखाली भरपूर जीवाणू असतात. पण त्यांना साठून वाढायला जाळीसारखी जागा मिळत नाही, एवढाच फरक आहे आणि तो पुरेसा आहे.

प्रश्न : दिवाळीत आठ दिवस गावी गेलो होतो. परत आल्यावर न्हाणीघरात ओली राहिलेली घोसाळ्याची जाळी वापरली. दोन दिवसांनी पोटावर व मांड्यांवर खाजऱ्या लाल पुळ्या आल्या. घामोळे आहे का? (नाशिक)

पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही, पण तुम्ही सांगितलेल्या क्रमावरून केसांच्या मुळांचा दाह, म्हणजे फॉलिक्युलायटिस, असण्याचा संशय येतो. दोन्हींतला फरक भिंगाने पाहिल्यास बरेचदा कळतो. घामोळ्याचे पुरळ घामाच्या छिद्रांशी निगडित असते, म्हणून त्याच्या मधोमध केस नसतो. केशमुळांच्या दाहात प्रत्येक पुळीच्या मध्यभागी केस असतो आणि टोकाला कधी कधी पिवळसर पू दिसतो.

यामागे बहुधा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा पाण्यात वाढणारा जीवाणू असतो. गरम पाण्याच्या हौदात बसणाऱ्यांना होणारे असे पुरळ वैद्यकशास्त्राला आधीपासून परिचित होते. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी एका रुग्णाच्या पुरळाचा माग काढला आणि तो त्याच्या लूफापर्यंत पोचला. लूफा म्हणजे आपले वाळलेले घोसाळे. पुढच्याच वर्षी त्यांनी या जाळ्यांवर प्रयोग केले. घोसाळ्याच्या धाग्यांवर स्यूडोमोनास आणि इतर काही जीवाणू वाढू शकतात, आणि वापरानंतर ओल्या जाळीतल्या जीवाणूंचे स्वरूप या ओलसर जागेत टिकणाऱ्या जातींकडे सरकते, असे त्यांना आढळले.

पुरळ संपर्कानंतर साधारण आठ तासांपासून पाच दिवसांत उठते, बहुतेकदा दोन दिवसांनी, त्यामुळे तुमचा काळ जुळतो. जाळीने घासताना त्वचेवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि जीवाणू केसाच्या छिद्रात शिरतो. निरोगी माणसात हा त्रास बहुतांशी सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरतो. तोवर जाळी टाकून द्यावी, त्या भागावरचे केस काढू नयेत आणि औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे मलम आणून चोळू नये. खाज तेवढी थांबते, संसर्ग मात्र पसरू शकतो. ताप आला, पुळ्या दुखऱ्या गळवासारख्या झाल्या किंवा दहा दिवसांत कमी झाल्या नाहीत, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : घोसाळी आमच्या वेलीचीच असतात, विकतचे काही नाही. तरी टाकून द्यायची का? (सावंतवाडी)

घरचे असो वा बाजारचे, धाग्यांची जाळी सारखीच असते, आणि वेल आपली आहे हे जीवाणूंना कळत नाही. वापरायचेच असेल, तर मोठे घोसाळे चार-पाच तुकड्यांत कापा, एका वेळी एकच तुकडा काढा, आणि तीन ते चार आठवड्यांनी तो टाकून दुसरा घ्या. घरचे असल्यामुळे तुम्हाला हे परवडते, हाच मोठा फायदा. उरलेले तुकडे कोरड्या डब्यात ठेवावेत. दर आठवड्याला एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात तुकडा पाच मिनिटे बुडवून स्वच्छ धुवावा आणि उन्हात वाळवावा. हे मिश्रण ताजे करावे, हातमोजे घालावेत आणि फरशीच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. उटणे किंवा बेसन लावायचे असल्यास हाताने लावावे, कारण त्यांचे कण घोसाळ्यात अडकतात आणि जीवाणूंना आयते खाद्य मिळते.

प्रश्न : आम्ही अंगाला छोटा सुती रुमाल वापरतो, पण पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो. साबणाने रोज धुतो तरी! (रत्नागिरी)

वास म्हणजे रुमाल वाळायला फार वेळ घेत असल्याची खूण. ओल्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू असल्याचे जपानी संशोधकांनी दाखवले आहे. तो घाम आणि त्वचेचे तेल खाऊन दुर्गंधी आम्ल तयार करतो. रुमालाचा मोठा गुण असा, की तो उकळता येतो. नायलॉनची जाळी किंवा घोसाळे या बाबतीत त्याच्या जवळपासही येत नाही. पातेल्यात दहा मिनिटे उकळा, घट्ट पिळा आणि न्हाणीघरात नव्हे, पंख्याखाली घडी न घालता पसरून वाळवा. कोकणातल्या आषाढात एक रुमाल रात्रीत वाळत नाही, म्हणून माणशी सहा-सात ठेवून रोज नवा घ्यावा आणि तो फक्त एकानेच वापरावा. घरात कोणाला गजकर्ण असेल, तर ही शेवटची अट विशेष कटाक्षाने पाळावी, कारण बुरशीचा संसर्ग असा सहज पसरतो.

प्रश्न : हाताने अंगाचा मळ निघत नाही असे वाटते. आणि पाठीचे काय? (कोल्हापूर)

घासल्यावर वळून निघते तो बव्हंशी त्वचेचा वरचा मृत थर असतो, जो तसाही रोज गळत असतो. वर्षानुवर्षे नायलॉनने जोरात घासणाऱ्यांच्या गळ्याजवळच्या हाडावर, पाठीच्या मणक्यांवर आणि नडग्यांवर काळसर डाग पडतात. ते मळाचे समजून आणखी घासले जातात आणि आणखी गडद होतात. घासणे थांबवल्यावर ते फिकट होऊ शकतात, पण महिने लागतात. पाठीसाठी पातळ लांब पंचा दोन्ही हातांत धरून फिरवावा; तो एकेरी असल्यामुळे लवकर वाळतो.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, त्यांना जाळी चालेल का? (सोलापूर)

नको. मधुमेहात त्वचेवरची बारीक जखम सहज चिघळते, आणि पायांवरच्या संवेदना कमी झाल्या असतील तर ओरखडा पडल्याचे कळतही नाही. सौम्य साबण, कोमट पाणी आणि हात एवढेच वापरावे, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात. पायाला वज्री किंवा दगड लावू नये.