फुगवणीच्या टॉनिकची जाहिरात नाकारताना

नाशिक

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

द्राक्षांचे मणी फुगवणाऱ्या टॉनिकच्या एका व्हिडिओसाठी कंपनी देऊ करत असलेली रक्कम तुझ्या चॅनेलच्या वर्षभराच्या कमाईहून अधिक आहे, आणि ‘सशुल्क जाहिरात’ अशी पाटी लावली तर चालेल का, असे तू विचारले आहेस. चालणार नाही. केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पैशांचा संबंध उघड करावा लागतोच, पण दावा खरा आहे की नाही हे तपासण्याची जबाबदारीही शिफारस करणाऱ्यावर येते. जे आपण स्वतःच्या बागेवर मारणार नाही, ते दुसऱ्याला मारायला सांगायचे नाही.

त्यांनी पाठवलेले संवाद पुन्हा वाच. ‘मी स्वतः वापरले आणि फरक पाहिला’ हे वाक्य तुझ्या तोंडी आहे, व्हिडिओ मात्र आठ दिवसांत हवा आहे. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत सुमारे चार महिने जातात, आणि मण्यांची फुगवण, गोडी व टिकवण यांचा खरा हिशेब काढणीलाच लागतो. मग आठ दिवसांत तू नेमका कोणता फरक पाहिलास? अशी टॉनिके ज्यात मोडतात ती जैव-उत्तेजके 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, म्हणून तू नोंदणीचा तपशील आणि त्याच बॅचचा रसायनांच्या उर्वरित अंशाचा प्रयोगशाळा अहवाल मागितलास, हे योग्यच केलेस. उत्तरादाखल रंगीत माहितीपत्रक आले, यातच सारे आले. लेबलवर न लिहिलेले, झाडाची वाढ बदलणारे एखादे संजीवक आत निघाले तर निर्यातीचा माल अडकेल. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे कशी अडकली, ते निफाड-दिंडोरीत कोणालाही विचार. त्या वेळी नुकसान बागायतदाराने सोसले, आणि तुझा प्रेक्षक तोच आहे.

मीही सल्ल्याचे सदर लिहीत असताना अशा प्रस्तावांना नकार दिला. त्यापायी एका विक्रेत्याशी असलेली जुनी मैत्री तुटली, त्याची खंत आजही आहे. लोकांनी मला हेकट म्हटले, पण माझ्या शब्दावर लोक औषधाचा खर्च करत होते, मग मी दुसरे काय करायला हवे होते? जे आपण मारणार नाही, ते सांगायचे नाही; यात तडजोडीला जागा आहे असे मला आजही वाटत नाही.

नकार देताना रक्कम कमी असल्याचे कारण देऊ नकोस, कारण ते रक्कम वाढवतील. ‘सध्या नको’ असेही लिहू नकोस. एवढेच लिही: ‘अहवाल न मिळाल्याने आणि उत्पादन मी वापरलेले नसल्याने ही जाहिरात करणार नाही.’ पुढे कधी स्वतः पाहायचेच असेल, तर बाटली स्वतःच्या पैशाने विकत घे, काही ओळींवर फवार, शेजारच्या ओळी तशाच ठेव आणि काढणीनंतर दोन्हींचे मणी प्रेक्षकांसमोर मोजून दाखव, निकाल कोणताही लागो.

आणि करारातील ते कलम पाहिलेस का, ज्यात तुझा चेहरा त्यांच्या जाहिरातींत वर्षभर वापरण्याची मुभा मागितली आहे? व्हिडिओ तू काढून टाकलास तरी त्यांची जाहिरात चालूच राहील. म्हणून त्या कागदावर सही न करता आजच उत्तर पाठव.

तुझा,
काका