सकृद्दर्शनी की उघड?

"फेरफाराच्या निर्णयाविरुद्धचं आमचं अपील प्रांतांनी मुदतबाह्य म्हणून फेटाळलं. निर्णय १० जानेवारी २०२५ चा, अपील ३ मार्चला दाखल. आदेशात मात्र ३ मे लिहिलंय. पुनर्विलोकन अर्जात 'आदेशाच्या तोंडावर दिसणारी चूक' म्हणू की 'सकृतदर्शनी चूक'?"

दोन्ही नकोत. 'अभिलेखावरून उघड दिसणारी चूक' असं लिहा.

'तोंडावर' हे इंग्रजीतून जसंच्या तसं उचललेलं आहे. मराठीत निवडणुका तोंडावर येतात, एखाद्याला तोंडावर बोललं जातं. कागदाच्या बाबतीत त्यातून काहीच अर्थबोध होत नाही.

'सकृद्दर्शनी'ची अडचण जास्त खोल आहे. (सकृत् म्हणजे एकदा, पुढे 'दर्शन' आल्यावर त् चा द् होतो, म्हणून जोडाक्षर द्द.) शब्दाचा अर्थ 'एकदा पाहताच', म्हणून तो इथे चपखल वाटतो. पण कोर्टाच्या मराठीत त्याला वेगळाच अर्थ चिकटला आहे. तूर्तातूर्त मनाईच्या अर्जात आपण 'सकृद्दर्शनी केस आहे' म्हणतो, तेव्हा 'वरवर पाहता तसं दिसतं, पुरावा झाल्यावर कदाचित उलटही ठरेल' एवढंच म्हणत असतो. म्हणजे 'सकृद्दर्शनी चूक' लिहिलं की ती नीट तपासल्यावर चूक ठरणारही नाही, अशी फट तुम्हीच ठेवता. पुनर्विलोकनाला हवी असते ती याच्या अगदी उलट चूक: कितीही वेळा पाहिली तरी चूकच राहणारी आणि दाखवायला युक्तिवाद न लागणारी.

सत्यनारायण हेगडे विरुद्ध मल्लिकार्जुन तिरुमले या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी लावली. जिथे दोन मतं संभवतात अशा मुद्द्यावर लांबलचक तर्क करून जी सिद्ध करावी लागते, तिला उघड चूक म्हणता येत नाही. जुन्या दर्शनी हुंडीसारखं आहे हे. कागद पुढे केला की पैसे मिळायचे, मुदत संपायची वाट पाहावी लागत नसे.

'आदेश' न म्हणता 'अभिलेख' का म्हणायचं, ते तुमच्याच उदाहरणात दिसतं. नुसता आदेश वाचला तर त्यात चूक सापडत नाही. १० जानेवारी ते ३ मे हे ११३ दिवस होतात आणि मुदत ६० दिवसांची आहे, हिशोब बरोबर आहे. आदेशाशेजारी अपील मेमोचं पहिलं पान ठेवलं, त्यावरचा आवक शिक्का पाहिला की मग चूक उघडी पडते. म्हणून अर्जातला मुख्य परिच्छेद असा असावा:

"आदेशाच्या परिच्छेद ४ मध्ये अपील दि. ३/५/२०२५ रोजी दाखल झाल्याचे नमूद आहे. अपील मेमोच्या पृष्ठ १ वरील आवक शिक्क्यावर दि. ३/३/२०२५ ही तारीख आहे. दि. १०/१/२०२५ पासून त्या दिवसापर्यंत ५२ दिवस होतात. सबब अपील ६० दिवसांच्या मुदतीत असून, नजरचुकीने मार्चऐवजी मे वाचला गेल्याने ते मुदतबाह्य ठरले आहे."

परिच्छेद आणि पृष्ठाचे क्रमांक तुमच्या कागदांप्रमाणे घाला. 'नजरचुकीने' हा शब्द राहू द्या. अर्ज वाचणारे अधिकारी बहुधा आदेश देणारेच असतील. हा शब्द चूक सांगतो, पण हेतूवर बोट ठेवत नाही.

३ मे २०२५ ला शनिवार होता, कार्यालय बंद असणार, हेही तुम्हाला लिहावंसं वाटेल. ते खरं असलं तरी तो तर्क झाला. शिक्का हा अभिलेख आहे. तर्क जोडला की अर्ज बळकट न होता वादाचा होतो. 'पुराव्याचा योग्य विचार केला नाही', 'कलमाचा चुकीचा अर्थ लावला', 'उशीर माफ करायला हवा होता' ही वाक्यंही अपिलाची आहेत. त्यातलं एक जरी आलं तरी समोरचा वकील म्हणणार, हे पुनर्विलोकनाच्या वेषातलं अपील आहे.

जमीन महसूल संहितेच्या कलम २५८ प्रमाणे प्रांतांना पुनर्विलोकनाआधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे ज्यांनी तुमची सुनावणी घेतलेलीच नाही, त्यांच्यापुढे हा अर्ज जाणार. त्यांना चूक दिसेल ती केवळ कागदावरून. तेव्हा शिक्का असलेल्या पानाची प्रमाणित नक्कल अर्जाला जोडा, शिक्का पुसट असेल तर आवक नोंदवहीच्या उताऱ्याचीही जोडा.

विनंतीत 'आदेश रद्द करून फेरफार रद्द करावा' असं मागू नका, कारण फेरफार बरोबर की चूक, यावर अपिलात अजून निर्णयच झालेला नाही. 'दि. … चा आदेश मागे घेऊन अपील मुदतीत असल्याचे धरून ते गुणदोषांवर चालवावे' एवढंच मागा. खासगी पक्षकारांमधल्या हक्काच्या वादात हा अर्ज आदेशापासून ९० दिवसांत द्यावा लागतो, आणि याच आदेशाविरुद्ध तुम्ही वर अपील किंवा फेरतपासणी दाखल केली असेल तर ती प्रलंबित असेपर्यंत पुनर्विलोकन होत नाही.