लांबलचक पुस्तकाचा सुरुवातीचाच भाग वाचला असेल, तर पाठवणाऱ्याला ते कसे कळवावे?

प्रश्न: एका संशोधक बाईंनी १८८३ च्या नाशिक गॅझेटियरची पूर्ण पीडीएफ ड्राइव्हवर टाकून मला पाठवली आणि ‘यात पांडवलेण्यांविषयी काय आहे ते कळवा’ म्हणाल्या. मी लोकसंख्येचं प्रकरण संपेपर्यंत वाचलं, लेण्यांवर खास काही दिसलं नाही. पुढचं वाचणं सध्या शक्य नाही. तसं सांगायलाच हवं का? आणि कसं सांगू?

उत्तर: सांगायलाच हवे, आणि या ग्रंथाच्या बाबतीत तर अधिकच, कारण बाईंना हवा असलेला मजकूर तुम्ही न वाचलेल्या भागात आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालेतील जिल्हावार खंड साधारण एकाच साच्यात बांधलेले आहेत. आधी भूवर्णन, निसर्गसंपत्ती व लोकसंख्या येते. शेती, व्यापार, इतिहास, जमीन महसूल, न्याय, शिक्षण हे पुढे येते. आणि जिल्ह्यातील प्रेक्षणीय व ऐतिहासिक स्थळांचे मोठे प्रकरण अगदी शेवटी असते. त्यातही स्थळे इंग्रजी वर्णानुक्रमाने मांडलेली असल्यामुळे नाशिकची नोंद बरीच उशिरा लागते. लेण्यांचे सविस्तर वर्णन आणि शिलालेखांची चर्चा त्या नोंदीत आहे, आणि त्यामागे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे मोठे काम आहे. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख किंवा गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख बाईंना हवा असेल, तर लोकसंख्येच्या प्रकरणात तो मिळण्याचे कारणच नाही.

म्हणून ‘लेण्यांवर खास काही दिसले नाही’ हे वाक्य तुम्ही जसेच्या तसे पाठवू नये. ते खोटे नाही, पण वाचणारा त्याचा अर्थ ‘गॅझेटियरमध्ये लेण्यांवर काही नाही’ असाच घेईल. अर्धवट वाचनातून ‘आहे’ असे निःशंकपणे सांगता येते, कारण पान दाखवता येते. ‘नाही’ असे मात्र फक्त वाचलेल्या पानांपुरतेच म्हणता येते. इतिहासाचे प्रकरणही तुम्ही वाचलेले नाही, आणि प्राचीन काळाविषयी लिहिताना तेथे याच शिलालेखांचा आधार घेतलेला आहे.

कळवताना मर्यादा पहिल्याच वाक्यात लिहा. शेवटी जोडलेली टीप बहुधा गळते, कारण बाई तुमच्या टिपणातला परिच्छेद उचलून स्वतःच्या वहीत उतरवतील आणि तळची ओळ मागे राहील. ‘पुस्तक वरवर चाळले’ असे मोघम म्हणण्यापेक्षा कोठपर्यंत वाचले ते प्रकरणाच्या नावाने सांगा, आणि पृष्ठक्रमांक देताना तो छापील पानाचा की फाइलमधला हे स्पष्ट करा. मुखपृष्ठ, प्रस्तावना व अनुक्रमणिकेची पाने वेगळी मोजली जात असल्याने दोन्ही क्रमांक जुळत नाहीत. मी असे लिहिले असते:

‘आपण पाठवलेल्या १८८३ च्या नाशिक गॅझेटियरची पहिली तीन प्रकरणे, म्हणजे लोकसंख्येच्या प्रकरणाच्या अखेरपर्यंत, मी सलग वाचली आहेत. त्यापुढील भाग वाचलेला नाही. वाचलेल्या भागात लेण्यांचे स्वतंत्र वर्णन आढळले नाही, परंतु नाशिक शहराची नोंद स्थळांच्या शेवटच्या प्रकरणात असल्याने ती पाहिल्याशिवाय या ग्रंथाविषयी निष्कर्ष काढू नये.’

आवृत्तीचे वर्ष मुद्दाम घातले आहे, कारण स्वातंत्र्यानंतर या जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियरही निघाले आणि दोहोंची गल्लत सहज होते.

पीडीएफमध्ये शब्द टाकून शोधले असेल, तर तेही ‘वाचले’ या क्रियापदाखाली घालू नका. जुन्या खंडांत दीर्घ आकार दाखवण्यासाठी इंग्रजी स्वरावर तिरपी रेघ दिलेली असते. स्कॅनवरून मजकूर ओळखणारी यंत्रणा अशा अक्षरांत वारंवार अडखळते, त्यामुळे ‘पांडू’ किंवा ‘नाशिक’ या शब्दांचा शोध रिकामा आला तरी शब्द पानावर असू शकतो. ‘अमुक शब्द शोधले, सापडले नाहीत, पाने डोळ्यांनी पाहिलेली नाहीत’ असे वेगळे वाक्य त्यासाठी पुरे आहे. तसेच अनुक्रमणिकेतील मथळ्यांवरून न वाचलेल्या प्रकरणांचा सारांश रचू नका. वाचणाऱ्याला तो ओळखू येत नाही, हीच त्यातली अडचण आहे.

थोडासा वेळ निघत असेल, तर उरलेला ग्रंथ क्रमाने वाचण्याचा हट्ट सोडून थेट शेवटच्या प्रकरणातील नाशिकची नोंद उघडा. मग वरच्या निरोपाचे पहिले वाक्य ‘पहिली तीन प्रकरणे सलग आणि शेवटच्या प्रकरणातील केवळ नाशिकची नोंद वाचली’ असे बदला, आणि इतिहासाचे प्रकरण अद्याप पाहायचे राहिले आहे, हेही त्यातच नमूद करा.