हिशेब, ग्रॅच्युइटी आणि पत्र: तीन गाठी वेगळ्या सोडवा

"नोकरी सोडून अडीच महिने झाले. त्या कंपनीत सहा वर्षं काढली. फोन केला की एचआर म्हणतं, 'फुल अँड फायनल प्रोसेसमध्ये आहे, ग्रॅच्युइटी आणि एक्सपिरिअन्स लेटर त्याच्यानंतरच.' वर 'माझं कंपनीकडे काहीही येणं नाही' अशा कागदावर आधी सही मागतात. नव्या ठिकाणी पत्र मागतायत. भांडलो तर पत्रच देणार नाहीत अशी भीती वाटते. काय करू?"

त्या कागदावर आज सही करू नका. पैसे खात्यात आल्यावर, आलेली रक्कम आकड्यात लिहून तेवढ्याचीच पोच द्या. ग्रॅच्युइटी आली नसेल तर "ग्रॅच्युइटी मिळालेली नाही" हे शब्द सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा. हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, ते कळण्यासाठी 2023 साली माझ्याकडे आलेल्या एका ताईंची गोष्ट ऐका.

ताई चाकणच्या बाजूला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायच्या. 10 नोव्हेंबर 2015 ला लागल्या आणि 15 जुलै 2023 ला बाहेर पडल्या. नोटीस दोन महिन्यांची होती. सासऱ्यांचं आजारपण आणि नव्या नोकरीची तारीख यामुळे त्यांनी एकच महिना भरला. माझ्याकडे आल्या तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता, म्हणजे जवळपास चार महिने गेले होते. पहिलं वाक्य होतं, "सर, चूक माझीच आहे, मी नोटीस पूर्ण केली नाही." त्या अपराधीपणापायी त्यांनी चार महिन्यांत एकही ओळ लेखी पाठवली नव्हती. सगळं फोनवर चाललं होतं.

मी त्यांना तीन कोरे कागद दिले. एकावर लिहायला सांगितलं 'हिशेब', दुसऱ्यावर 'ग्रॅच्युइटी', तिसऱ्यावर 'पत्र'. कंपनी या तिन्हींची एकच गाठ मारते आणि सोडणारा माणूस त्या गाठीत अडकतो. खरं तर तिन्हींचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या आणि दाद मागायच्या जागाही वेगळ्या.

हिशेबाचा कागद आधी घेतला. ताईंचा एकूण पगार 42,000 आणि त्यात बेसिक व डीए मिळून 26,000. जुलैच्या पंधरा दिवसांचे 21,000 येणं होतं. शिल्लक रजा 22 दिवसांची होती आणि कंपनीच्या रजेच्या नियमानुसार दिवसाला 1,400 धरून तिचे 30,800 झाले. एकूण 51,800. एचआरने तोंडी सांगितलं होतं की कमी भरलेल्या एका महिन्याचे 42,000 कापले जातील, म्हणजे हातात 9,800 येणार. मी नेमणूकपत्र मागितलं. ताईंनी ते सहीच्या दिवसानंतर उघडलंच नव्हतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की नोटीस कमी पडल्यास तेवढ्या दिवसांचं 'बेसिक वेतन' कापलं जाईल. म्हणजे कपात 26,000 ची आणि येणं 25,800 चं. एका शब्दाने 16,000 चा फरक पडला. नोटीस न भरण्याची किंमत होती तेवढीच. ती मोजून दिली की तो विषय तिथेच मिटतो आणि ग्रॅच्युइटीवर त्याची सावली पडत नाही. हे पटायला ताईंना वेळ लागला, आणि पटल्यावर त्यांचा आवाजच बदलला.

आता ग्रॅच्युइटी. तिचा हिशेब सोपा आहे: शेवटचं बेसिक आणि डीए भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. ताईंचे 26,000 भागिले 26 म्हणजे दिवसाचे 1,000, त्याचे पंधरा दिवस म्हणजे वर्षाला 15,000. सेवा सात वर्षं आठ महिन्यांची. सहा महिन्यांपेक्षा जास्त उरलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून आठ वर्षं. एकूण 1,20,000. कंपनीच्या कच्च्या तक्त्यात सात वर्षंच धरून 1,05,000 लिहिले होते. इथे मुद्दाम कुणी फसवलं असेलच असं नाही, तक्ता बनवणारा घाईत असतो. पण तपासायचं काम आपलं.

त्याहून मोठी गोष्ट अशी की ग्रॅच्युइटी अडवायला कायद्यात कारणं फार थोडी आहेत. कंपनीचं नुकसान केल्याबद्दल, दंगामस्ती किंवा हिंसा केल्याबद्दल, किंवा कामात नैतिक अधःपतनाचा गुन्हा केल्याबद्दल कामावरून काढून टाकलं असेल, तरच ती पूर्ण किंवा काही अंशी रोखता येते. राजीनामा देऊन गेलेल्या, नोटीस अर्धी भरलेल्या माणसाला यातलं काहीच लागू होत नाही. नो ड्यूजची फाइल अजून फिरतेय, हेही कारण होत नाही. सही करून हक्क सोडला असं कंपनी म्हणाली तरी ग्रॅच्युइटीचा कायदा असल्या करारापेक्षा वरचढ ठरतो. मग सही का टाळायची? कारण तो कागद घेऊन पुढे महिनोन्‌महिने वाद घालत बसण्यापेक्षा तो नसलेला बरा.

ताईंच्या बाबतीत लागू होता 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा. नोकरी सुटल्यापासून 30 दिवसांत कंपनीने रक्कम द्यायची. तुम्ही अर्ज केला नसला तरी रक्कम ठरवून कळवणं हे मालकाचंच काम. उशीर झाला तर वर्षाला 10 टक्के सरळव्याज. ताईंच्या रकमेवर ते महिन्याला बरोबर 1,000 होत होतं. हा आकडा मी मुद्दाम त्यांच्याकडून काढून घेतला, कारण "व्याज द्या" असं लिहिण्यापेक्षा "15 जुलैपासून दरमहा 1,000" असं लिहिलेलं अकाउंट्सवाल्याला लगेच कळतं.

पण एका तारखेने मला घाम फोडला होता. कंपनीने 30 दिवसांत दिलं नाही की त्यानंतर 90 दिवसांत ग्रॅच्युइटीची तक्रार ऐकणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. 15 जुलैनंतर 30 दिवस म्हणजे 14 ऑगस्ट आणि त्यापुढे 90 दिवस म्हणजे 12 नोव्हेंबर. ताई आल्या 3 नोव्हेंबरला. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबून राहू नये. आम्ही त्याच संध्याकाळी कंपनीकडे ग्रॅच्युइटी मागण्याचा फॉर्म आय भरून ईमेलने आणि पोच घेऊन पोस्टाने पाठवला. सोबतच्या पत्रात तारखा, सूत्र आणि रक्कम होती, राग नव्हता. पाच दिवस उत्तराची वाट पाहून प्राधिकाऱ्याकडचा अर्ज, म्हणजे फॉर्म एन, दाखल केला. कुठे? कारखाना फक्त महाराष्ट्रातच होता, म्हणून कामगार न्यायालयात, आपल्याकडे तेच नियंत्रक प्राधिकारी आहे. कंपनीच्या शाखा एकाहून जास्त राज्यांत असतील तर अर्ज केंद्र सरकारच्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे जातो. चुकीच्या दारात गेलेले दोनतीन महिने मी पाहिले आहेत, म्हणून आधी हे विचारून घ्या.

न्यायालयाची नोटीस पोहोचल्यावर कंपनीच्या माणसाने ताईंना फोन करून "एवढं कशाला, आपल्या घरातलीच माणसं" वगैरे ऐकवलं. ताई डळमळल्या. मी सांगितलं की बोला, गोडीने बोला, पण प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा मेल टाका: "आज आपण असं म्हणालात." दुसऱ्या तारखेच्या आधीच, 15 जानेवारी 2024 ला, 1,26,000 खात्यात आले, सहा महिन्यांच्या व्याजासह. हिशेबाचे 25,800 त्याच आठवड्यात आले. आदेशानंतरही कंपनीने पैसे थकवले असते, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. ती वेळ आली नाही.

राहिला तिसरा कागद. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. सगळ्या नोकरदारांना अनुभवपत्र देण्याची सक्ती करणारा सरसकट कायदा नाही. कामगारांसाठीच्या आदर्श स्थायी आदेशांत सेवा प्रमाणपत्राची तरतूद आहे, पण मॅनेजर, सुपरवायझर मंडळींना ती पुरत नाही. म्हणून पत्राला पर्याय आधी हाताशी ठेवायचा. ताईंच्या नव्या कंपनीला आम्ही दिलं: राजीनामा स्वीकारल्याचा मेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म 16, बँकेचं पगार जमा झालेलं पान आणि पीएफची सेवानोंद. शेवटचं सगळ्यात वजनदार, कारण तिथे लागल्याची आणि सोडल्याची तारीख कंपनीबाहेरच्या संस्थेकडे नोंदलेली असते. सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ईपीएफओच्या पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` वापरून ती स्वतः टाकता येते. तुमचे अडीच महिने झालेत, तेव्हा आजच बघा.

पत्रासाठी कंपनीला वेगळा मेल गेला. त्यात पैशाचा उल्लेखही नव्हता. फक्त एवढंच: "माझं पद, लागल्याची आणि सोडल्याची तारीख असलेलं पत्र नव्या नोकरीच्या पडताळणीसाठी हवं आहे, सोबत मजकुराचा मसुदा जोडला आहे." तयार मसुदा दिला की एचआरच्या माणसाला फक्त लेटरहेडवर छापायचं राहतं. पैशाचा अर्ज दाखल असतानाच ते पत्र डिसेंबरमध्ये आलं. भांडलो तर पत्र अडकेल, ही तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही, काही ठिकाणी तसं होतंही. पण पीएफची सेवानोंद आणि पगारपावत्या नव्या कंपनीकडे आधीच पोहोचल्या असतील, तर अडवलेलं पत्र नोकरी अडवू शकत नाही.

ताईंच्या गोष्टीनंतर कायदा बदलला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. पगाराचा थकलेला हिशेब राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. पूर्वी त्यासाठी 30-45 दिवसांचा रिवाज होता आणि अनेक एचआर अजून तोच सांगतात. पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. ग्रॅच्युइटीची 30 दिवसांची मुदत तशीच आहे. मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. शिवाय बेसिक मुद्दाम कमी ठेवलेलं असेल तर तेही बघा: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे आणि ग्रॅच्युइटीचा आकडा वाढतो. नव्या अर्जाचा नमुना कामगार कार्यालयातच विचारा, पण तारखांच्या बाबतीत जुने 90 दिवसच धरून चाला.

तुमचे अडीच महिने म्हणजे साधारण 75 दिवस. त्यातले पहिले 30 कंपनीचे, म्हणजे 90 पैकी 45 च्या आसपास खर्ची पडले आहेत. नेमणूकपत्र, शेवटची पगारपावती आणि राजीनामा स्वीकारल्याचा मेल घेऊन बसा आणि आज रात्री फक्त दुसरा कागद पूर्ण करा. ग्रॅच्युइटीचा मेल उद्या सकाळी गेला पाहिजे.