लॅपटॉप रखडतो, पंखा घोंगावतो
प्रश्न: सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर लॅपटॉप आहे. चालू व्हायला पाच मिनिटं लागतात, पंखा सतत घोंगावतो. फॉरमॅट मारू का?

उत्तर: एवढ्यात नको, दादा. चालू झाल्यावर दहा मिनिटं काही उघडू नका, मग Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager बघा. CPU पाच-दहा टक्क्यांवर असूनही पंखा ओरडतोय? मग यार्डातली धूळ आत बसलीय. बाहेरून फुंकून ती निघत नाही, कारण थर पंखा आणि तांब्याच्या नळीपुढची जाळी यांच्यामध्ये जमतो. लॅपटॉप बंद करून खालचं झाकण काढायचं, बॅटरीची पिन सोडवायची आणि पाती बोटाने धरूनच हवा मारायची, नाहीतर पंखा गरगर फिरून बेअरिंग जातं. जमत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

रखडण्याचं कारण बहुतेक वेगळं असेल. त्याच खिडकीत Disk बराच वेळ 100% दिसला आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी टाका. आधी हिशेबाचा बॅकअप घ्या मात्र.