आधी मोजा, मग प्री-कूलिंग बसवा

दादा, पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये तोडलेली द्राक्षं झटपट गार करायला प्री-कूलिंग बसवताय, तर यशाचे निकष आणि केपीआय, म्हणजे काम कसं चाललंय हे सतत दाखवणारे आकडे, एकाच रकान्यात लिहू नका. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण हेच करतात.

निकषाचं उत्तर शेवटी एकदाच येतं, हो किंवा नाही. उदाहरणार्थ: ‘१५ जानेवारीपूर्वी, ठरलेल्या खर्चात, भरलेली खोली ६ तासांत द्राक्षं ४ अंशांवर आणते.’ मालक आणि ठेकेदार दोघांची सही कामाआधीच घ्या. ‘भरलेली’ हा शब्द गाळलात तर ठेकेदार रिकामी खोली गार करून दाखवेल आणि बिल लावेल!

केपीआय हंगामभर चालतो: तोडणीपासून खोलीत जाईपर्यंत किती तास, शंभरात किती पेट्या नाकारल्या. दोनच पुरेत. तोडणीनंतरचे हे तास वाढले की आठवड्यात कळतं, ट्रॅक्टर उन्हात उभा आहे. खोली निकषात पास, तरी माल नापास, असं होऊ शकतं. म्हणून दोन्ही हवेत.

आणि हो, या दोन्ही केपीआयचे आजचे आकडे याच हंगामात लिहून ठेवा. एप्रिलनंतर मोजायला द्राक्षंच नसतात, मग सुधारणा कशाशी ताडणार? मी चुकलोय त्यात, वर्ष गेलं.